आधी लिमिट, मग विक्री

बँकेच्या जाहिरातीत तीन मागण्या आहेत: फायनान्शियल मॉडेलिंग, रिझर्व्ह बँकेच्या नियमांचं ज्ञान आणि ऑडिटचा अनुभव. क्रेडिट अ‍ॅनालिस्टच्या रेझ्युमेत या तिन्ही गोष्टी जाहिरातीतल्याच क्रमाने आल्या आहेत, म्हणजे कॉपी-पेस्ट तरी नक्की येतं. खाली कोपऱ्यात एक ओळ अंग चोरून उभी आहे: ‘सीएमए डेटा तयार केला.’ विचारायचं असेल तर तिच्याबद्दल विचारावं.

सीएमए म्हणजे मागच्या वर्षांचे आकडे आणि पुढच्या वर्षांचे अंदाज. हे अंदाज बहुधा कर्जदाराचा सीए करतो, आणि तेही शेवटाकडून. लहान उद्योगाला खेळत्या भांडवलासाठी अंदाजित विक्रीच्या किमान २० टक्के कर्ज द्यावं, हे नायक समितीचं सूत्र सगळ्यांना पाठ असतं. शेठना लिमिट हवं १ कोटीचं, म्हणून पुढच्या वर्षी विक्री होणार ५ कोटींची. गेल्या वर्षी ती ३ कोटीच होती, हे शेजारच्या रकान्यात लिहिलेलं असतं, पण तिकडे बघतो कोण? हे आकडे एक्सेलमध्ये भरणं हे मॉडेलिंग असेल, तर पत्रिका छापणाऱ्यानेच लग्न लावलं म्हणायचं.

खरा अ‍ॅनालिस्ट जीएसटीची विवरणपत्रं काढतो, हातातल्या ऑर्डरी बघतो, आहे त्या यंत्रांवर किती माल निघेल ते विचारतो. मग ५ कोटींचे ३ कोटी ६० लाख होतात आणि लिमिट ७२ लाखांवर येतं.

नियमांचं म्हणाल तर ‘९० दिवस थकलं की एनपीए’ एवढं शिपायालाही माहीत असतं. उमेदवाराला दुसरंच विचारा. कॅश क्रेडिट खात्यात व्याज वेळेवर येतंय, पण स्टॉक स्टेटमेंट चार महिन्यांपूर्वीचं आहे. खातं ठीक का? नाही. तीन महिन्यांहून जुन्या स्टेटमेंटवर काढलेल्या ड्रॉइंग पॉवरच्या आधारे असलेली येणी अनियमित धरली जातात, आणि अशी उचल सलग ९० दिवस चालू दिली तर कारखाना धडधडत असतानाही खातं एनपीए होतं. कॉन्करंट ऑडिटर नेमकं इथेच बोट ठेवतो. त्याच्या शेऱ्याला उत्तर कोणी लिहिलं, यावरून ऑडिटचा अनुभव कळतो. नाहीतर ऑडिटरला फायली आणि चहा पुरवणारेही तो अनुभव बिनदिक्कत लिहितात.

तेव्हा रेझ्युमेत एकच ओळ पुरे: ‘५ कोटींचा अंदाज ३ कोटी ६० लाखांवर आणला, लिमिट १ कोटीऐवजी ७२ लाख सुचवलं.’ फक्त मुलाखतीला कर्जवाटपाचं टार्गेट अपुरं राहिलेले साहेब बसलेले नसावेत. त्यांना त्या ओळीत गेलेले २८ लाखच दिसतील.