आडवी रेघ, उभी रेघ

भाचीने म्युनिकहून आणलेला लोकरीचा स्वेटर पुण्याच्या थंडीत मी इतका मिरवला की शेवटी त्याच्या कॉलरला मेणचट काळी कड आली. "धुण्याआधी लेबल वाचा," बायकोने बजावलं. मागच्या वर्षी माझ्या हातून तिची शाल गेली होती, त्यामुळे आवाजात जरब होती.

लेबल आतून, कमरेच्या शिवणीत आडवं शिवलेलं. पांढऱ्या चकचकीत पट्टीवर फिकट राखाडी शाईत चिन्हांची रांग आणि खाली जर्मन मजकूर. माझ्या चष्म्याला दोन्ही झेपेना. म्हणून मोबाइलने फोटो काढला, मोठा केला, एकेक चिन्ह कापून वेगळं केलं आणि 'ओळखा पाहू' म्हणून घरच्या ग्रुपवर सोडून दिलं. फोटो आडवा आला होता. इस्त्री शेपटावर उभी दिसली, ती मी सरळ केली. टबातलं पाणी भिंतीला लागलेलं दिसलं, तोही सरळ केला. चौकोनाच्या पोटात एक रेघ होती. चौकोन कसाही फिरवला तरी चौकोनच राहतो, म्हणून तो तसाच पाठवला. सगळं रामायण इथे घडलं.

ग्रुपवर विद्वानांना तोटा नाही. टबात हात पाहून काकांनी हे निवडणूक चिन्ह असल्याचं जाहीर केलं. फुली मारलेला त्रिकोण हा 'पुढे वळण नाही'चा फलक ठरला. चौकोनात गोल आणि त्यावर फुली, म्हणजे मशीनमध्ये घालू नका, इथवर एकमत झालं. वर्तुळातल्या इंग्रजी पी अक्षराचा अर्थ सासरेबुवांनी एका शब्दात लावला : पिळा. उरला उभ्या रेघेचा चौकोन. "दोरीवर टांगा," असं मेहुणीने ठामपणे लिहिलं. मजा अशी की उभ्या रेघेचा अर्थ खरोखरच तो आहे.

मी कोमट पाण्यात, सौम्य साबणात, हाताने हलकेच स्वेटर धुतला. मग सासऱ्यांचा मान राखून पिळला आणि गॅलरीतल्या दोरीवर खांद्यांना चिमटे लावून टांगला. लोकर पाणी खूप धरते. ते सगळं वजन विणीच्या टाक्यांवर येतं आणि टाके लांबत जातात. संध्याकाळी स्वेटर काढून अंगात घातला तर बाह्यांत माझे हात हरवले आणि खालची किनार गुडघ्याशी आली. खांद्यांवर चिमट्यांची दोन शिंगं. बायको हसली नाही. ते जास्त लागलं.

भाचीला व्हिडिओ कॉल केला. "मामा, तुकडे नको पाठवूस. अख्ख्या लेबलचा फोटो पाठव, इस्त्रीचा दांडा वर येईल असा." तसा पाठवला आणि चौकोनातली रेघ आडवी झाली! आडवी रेघ म्हणजे सपाट पसरून वाळवा. माझा फोटो आडवा होता आणि टब-इस्त्री सरळ करताना चौकोन तेवढा आडवाच राहिला, म्हणून ती उभी दिसत होती. बाकीचं तिने भराभर सांगितलं. हाताचा टब म्हणजे हाताने धुवा, पाणी जास्तीत जास्त 40 अंश. फुलीचा त्रिकोण म्हणजे ब्लीच नको. गोल असलेला चौकोन म्हणजे कपडे सुकवायचं गरगर फिरणारं ड्रायर यंत्र. आपण ते धुण्याचं मशीन समजलो. आणि पी हा ड्रायक्लीनिंगवाल्याला निरोप आहे, कोणतं द्रावण चालेल याचा. धुणाऱ्याने त्याकडे बघायचंही कारण नाही, पिळणं तर दूरच.

"त्या पी-खाली बारीक रेघ होती का रे?" तिने विचारलं. होती. कापताना मी ती डाग समजून छाटली होती. चिन्हाखालची एक रेघ म्हणजे 'जरा जपून', दोन म्हणजे 'फारच जपून'. टबाखाली ती आली तर मशीनचं चक्र सौम्य ठेवायचं असतं. म्हणजे रेघ गेली की सूचनाही गेली.

उपायही तिनेच सांगितला. स्वेटर पुन्हा कोमट पाण्यात बुडवला, न पिळता हातांनी दाबून पाणी काढलं, जाड टॉवेलात गुंडाळून दाबला. मग कोरड्या टॉवेलवर पसरून टाके हलकेच आत सरकवत जुन्या मापाला आणला. दोन दिवस जेवणाच्या टेबलावर स्वेटर आणि जमिनीवर आम्ही. शिंगं गेली, किनार वर आली. बाह्या मात्र चार बोटं लांबच राहिल्या.

तुमच्याकडे लोकरी कपड्याचं लेबल असेल तर फोटो अख्ख्या पट्टीचा घ्या, दोन्ही बाजूंचा, आणि वाचण्याआधी इस्त्री सरळ उभी आहे ना ते बघा. चौकोनावर विश्वास ठेवू नका. आणि लांब हातांचा कोणी ओळखीत असेल तर कळवा. स्वेटर स्वच्छ धुतलेला आहे.