आठशे रुपयांत कोयना

देशातल्या विजेच्या टंचाईवर तोडगा सापडला असून तो ७९९ रुपयांत घरपोच मिळतो. आमच्या मेहुण्याने त्याचा फोटो पाठवला आहे. काळी चकचकीत डबी, वर लाल आकडे दाखवणारी काच, आणि पाठीवर ठळक अक्षरांत ‘50000 MAH’. खाली मेहुण्याचा मजकूर : “दाजी, घेऊ ना?”

मी आधी अक्षरांकडे पाहिलं, कारण आकड्यांपेक्षा अक्षरं लवकर फुटतात. पॉवर बँकेची क्षमता mAh मध्ये लिहितात. त्यातला पहिला m लहान असतो. तो मिली, म्हणजे हजारावा भाग. मोठा M म्हणजे मेगा, म्हणजे दहा लाखपट. छापणाऱ्याने बोट जरा जास्त दाबलं आणि क्षमता शंभर कोटी पटींनी वाढली. हिशेब केला तर या डबीत साडेअठरा कोटी युनिट वीज भरते. कोयना प्रकल्प त्याच्या पूर्ण १९६० मेगावॉट क्षमतेने जवळजवळ चार दिवस अखंड चालवावा, तेवढी. तीही टॉर्चसकट.

“अहो, छपाईची चूक असेल,” मेहुणा म्हणाला. असेलही. मोठ्या मनाने M लहान केला. तरी पन्नास हजार उरतातच, आणि तेही त्या डबीत मावायला हवेत.

आता फोटोवरून माप काढायचं कसं? फोटोत डबी एका तरुणाच्या हातात होती, आणि जाहिरातीतला हात हे कधीच विश्वासाचं माप नसतं. तो सोयीप्रमाणे लहानमोठा करता येतो. पण विक्रेत्याने नकळत फोटोतच फूटपट्टी ठेवलेली असते : यूएसबीची खाच. जुन्या, चौकोनी तोंडाच्या यूएसबी प्लगची धातूची टोपी १२ मिलिमीटर रुंद आणि साडेचार मिलिमीटर जाड असते. हे माप जगभर एकच आहे, नाहीतर तुमची केबल शेजाऱ्याच्या चार्जरमध्ये बसलीच नसती. खाच त्याहून किंचित मोठी, साधारण साडेबारा मिलिमीटरची. कंपनी लेबलवर काहीही छापू शकते, पण ही खाच मोठी करू शकत नाही. केली तर केबल गळून पडेल.

फक्त एक पथ्य पाळायचं. खाच ज्या बाजूवर आहे त्याच बाजूची मापं तिच्याशी ताडायची आणि फोटो शक्यतो समोरून काढलेला घ्यायचा. तिरक्या फोटोत जवळची कड फुगते आणि लांबची आक्रसते. आमच्या फोटोंपैकी एक नेमका खाचांच्या बाजूने होता. डबीची रुंदी साडेपाच खाचांएवढी भरली, म्हणजे सुमारे ६९ मिलिमीटर. जाडी एक खाच आणि वर थोडी, म्हणजे १६ मिलिमीटर. दुसऱ्या फोटोत लांबी रुंदीच्या दुप्पट दिसत होती, म्हणजे १३८. (तिसऱ्या फोटोत डबी त्याच रुंदीला भलतीच जाड दिसत होती. तो फोटो नव्हता, संगणकावर काढलेलं चित्र होतं. एकाच वस्तूच्या दोन फोटोंत खाचेशी प्रमाण जुळेना, तर त्यातला एक तरी कॅमेऱ्याने पाहिलेला नाही असं समजावं.)

या मापाच्या डबीत काय बसतं? बाजारात दहा हजार एमएएचची चपटी लिथियम पॉलिमर बॅटरी मिळते. तिचं एक नेहमीचं माप १२ मिलिमीटर जाड, ६० रुंद आणि ११० लांब असं असतं. आमच्या डबीतून दोन्ही बाजूंच्या प्लास्टिकची जाडी आणि एका टोकाला सर्किटची जागा वजा केली, की अशी एक वडी अगदी बेतशीर बसते. उरलेल्या फटीतून फार ताणलं तर अकरा-बारा हजारांपर्यंत जाता येईल. पन्नास हजारांसाठी मात्र अशा पाच वड्या लागतील. एकावर एक रचल्या तर सहा सेंटिमीटरांची चळत होते, आणि डबी आहे दीड सेंटिमीटरची.

“पण आत गोल सेल असतील तर?” मेहुण्याने हरकत घेतली. तो इंजिनिअर नाही, पण व्हिडिओ पुष्कळ पाहतो. गोल सेल म्हणजे बहुतेक १८६५०. त्याच्या नावातच माप आहे : १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी. बाहेरून १६ मिलिमीटर जाड असलेल्या डबीत १८ मिलिमीटरचा सेल घालायचा तर तो आधी लाटावा लागेल, आणि लिथियमचा सेल लाटणाऱ्याला तो उपद्व्याप पुन्हा करायची गरज उरत नाही. शिवाय चांगल्यातल्या चांगल्या कंपनीचा १८६५० सेल साडेतीन हजारांच्या आसपास थांबतो. पन्नास हजारांना तसे चौदा-पंधरा लागतात. एक सेल ४५ ग्रॅमच्या घरात, म्हणजे नुसते सेलच साडेसहाशे ग्रॅमच्या वर जातील. माहितीच्या रकान्यात मात्र लिहिलं होतं : वजन २३० ग्रॅम.

या वजनाची मला दया आली. आकडा फुगवणाऱ्याने क्षमता फुगवली आणि वजन खरंच ठेवलं, कारण गिऱ्हाइकाला हलकं हवं असतं. दहा हजारांच्या प्रामाणिक पॉवर बँकेचं वजन साधारण तेवढंच असतं. खोटं बोलायलाही शिस्त लागते. सगळे आकडे एकाच प्रमाणात फुगवायला हवेत. आणि तशी शिस्त असलेला माणूस बहुधा दुसरा धंदा करतो.

लेबलची उरलेली बाजू तर स्वतःविरुद्धच साक्ष देत होती. बारीक अक्षरांत लिहिलं होतं ‘३.७ व्होल्ट, ३७ वॉट-तास’. वॉट-तास म्हणजे आत खरोखर साठलेली ऊर्जा, आणि ती काढायला शाळेतला गुणाकार पुरतो : एमएएचला व्होल्टने गुणायचं आणि हजाराने भागायचं. पन्नास हजार गुणिले ३.७ भागिले हजार म्हणजे १८५. इथे छापले होते ३७. ३७ ला उलट मोजा, बरोबर दहा हजार येतात. म्हणजे खाचेने जे सांगितलं, वजनाने जे सांगितलं, तेच लेबलच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत कबूल केलेलं होतं. बहुधा मूळ कारखान्याचं लेबल खरं होतं आणि मधल्या कुणीतरी फक्त मोठा आकडा बदलला. बारीक अक्षरं वाचतंय कोण?

त्याशेजारी विमानाचं चित्र आणि ‘विमान प्रवासास मान्य’ अशी ग्वाही. विमानाचा नियम सोपा आहे. १०० वॉट-तासांपर्यंतची पॉवर बँक हातातल्या सामानातून नेता येते, १०० ते १६० च्या दरम्यान विमान कंपनीची परवानगी लागते, आणि १६० च्या वर प्रवाशाला ती नेताच येत नाही. सामानकक्षात टाकायच्या बॅगेत तर कुठलीच चालत नाही. तेव्हा डबी पन्नास हजारांची असेल तर विमान खोटं, आणि विमान खरं असेल तर पन्नास हजार खोटे. दोन्ही एकाच लेबलवर, एकाच शाईत. खऱ्या कंपन्या सत्तावीस हजारांच्या आसपास का थांबतात, तेही इथेच कळतं : तिथे हिशेब ९९.९ वर येतो.

आता प्रामाणिक लेबलची व्यथाही सांगितली पाहिजे. त्यावर दोन आकडे असतात. वर दहा हजार, आणि खाली ‘प्रत्यक्ष क्षमता’ म्हणून सहा हजार दोनशे-तीनशे, पाच व्होल्टला. गिऱ्हाईक हे वाचून भडकतं आणि दुकानदाराला म्हणतं, “चार हजार कुठे खाल्ले?” कुणी खाल्लेले नाहीत. सेल ३.७ व्होल्टचा, केबलमधून बाहेर पडतात पाच व्होल्ट. व्होल्ट वाढले की एमएएच त्या प्रमाणात घटतात, ७४०० उरतात, आणि हा बदल करताना थोडी ऊर्जा उष्णता होऊन जाते. हा सरळ सुपर बिल्टअप आणि कार्पेट एरियाचा मामला आहे. बिल्डरने कार्पेट लिहिला की आपण त्याला प्रामाणिक म्हणतो, पॉवर बँकवाल्याने लिहिला की चोर. आणि ज्या लेबलवर कार्पेटचा उल्लेखच नाही, ते आपण आनंदाने घरी आणतो. या हिशेबाने दहा हजारांची खरी बँक पाच हजारांचा फोन साधारण दीड वेळा भरते. दोनदा नाही. मेहुण्याला पन्नास हजारांतून ‘दहा वेळा’ हवे होते.

बीआयएसची खूणही होती. आयएस १३२५२ हा मानक क्रमांक आणि खाली ‘आर’ने सुरू होणारा आठ आकडी नोंदणी क्रमांक. हा क्रमांक बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की नोंदणी कुणाची आणि कशासाठी ते दिसतं. टाकला. नोंदणी खरी निघाली, पण दुसऱ्याच कंपनीची, आणि तीही मोबाइलच्या चार्जरसाठी. त्याच मानकाखाली चार्जरही येतात, म्हणून उचलणाऱ्याला तो जवळचा वाटला असावा.

मेहुण्याला मी सगळं सांगितलं आणि एक मर्यादाही सांगितली. फोटोवरून फक्त कमाल मर्यादा कळते. यात बारा हजारांपेक्षा जास्त नाहीत हे मी छातीठोकपणे सांगेन, पण दहा हजार आहेत असं एका शब्दानेही म्हणणार नाही. आत जुन्या लॅपटॉपमधून काढलेला थकलेला सेल असू शकतो. वजन भरायला वाळू भरलेल्या डब्याही निघालेल्या आहेत. आणि एखादा चतुर माणूस जाड डबी, योग्य वजन आणि जुळणारे वॉट-तास छापून आत काहीही घालू शकतो. विश्वासार्ह लेबल आणि खरं लेबल यांच्यातलं अंतर फोटोत दिसत नाही, ते उघडून मोजल्यावरच कळतं.

“म्हणजे दहा तरी असतील,” एवढंच मेहुण्याने ऐकलं आणि मागवली. पुढच्याच महिन्यात तो ती घेऊन विमानतळावर गेला. तपासणीच्या पट्ट्यावरून अधिकाऱ्याने डबी उचलली, मोठा आकडा वाचला, ३.७ ने गुणला आणि बाजूच्या टोपलीकडे हात नेला. मेहुणा गयावया करत म्हणाला, “साहेब, हे पन्नास हजार खोटे आहेत हो! यात धड दहासुद्धा नाहीत, आमच्या दाजींनी मोजलंय!”

अधिकारी म्हणाला, “मग दाजींना लेबलवर सही करायला सांगायची होती.”