जबलपूरला फोन लावण्याचे शास्त्र

परदेशातून घरी फोन लावणे ही क्रिया वरवर पाहता बोटांची असली, तरी प्रत्यक्षात ती हिशेब, भूगोल आणि धीर या तिन्हींची परीक्षा घेणारी असल्यामुळे तिचा पद्धतशीर विचार होणे आवश्यक आहे. या अभ्यासासाठी जबलपूरइतके योग्य क्षेत्र क्वचितच सापडेल, कारण टेलिफोन खात्याच्या अभियंत्यांना घडवणारे प्रशिक्षण केंद्र येथे १९४२ पासून आहे, आज ते भारतरत्न भीमराव आंबेडकर यांच्या नावाने ओळखले जाते, आणि टेलिकॉम फॅक्टरीसुद्धा याच शहरात आहे. अशा गावात फोन लागत नसेल तर दोष गावाला देता येत नाही. तो लावणाऱ्याकडेच शोधावा लागतो.

अभ्यासासाठी एक नमुना घेऊ. मुलगा न्यू जर्सीत आहे, आई नेपियर टाउनमधील जुन्या घरात आहे, घरात लँडलाइन आहे आणि आईचा मोबाइल बहुधा चार्जिंगला लावलेला असतो. मुलासमोर तीन पंथ उभे राहतात: रोमिंगचा, इंटरनेट कॉलिंगचा आणि थेट आंतरराष्ट्रीय डायलिंगचा. प्रत्येक पंथाचे अनुयायी उरलेल्या दोघांना उधळे किंवा कंजूस समजतात.

रोमिंग म्हणजे भारतातील सिमकार्ड परदेशातील कंपनीच्या जाळ्यावर पाहुणे म्हणून वापरणे. पाहुणचाराचे बिल भारतातील कंपनी भरून घेते आणि पॅक घेतलेला नसेल तर ते भरघोस असते. नवशिक्याला दोन गोष्टी उशिरा कळतात. पहिली अशी की, परदेशात रोमिंगवर असताना आलेला फोन उचलण्याचेही पैसे लागतात, त्यामुळे आईने प्रेमाने लावलेला फोनही मुलाच्याच खिशातून जातो. दुसरी अशी की, आकारणी बहुधा पूर्ण मिनिटाच्या हिशेबाने होते. समजा, दर मिनिटाला १०० रुपये आहे आणि बोलणे १२ मिनिटे ५ सेकंद चालले, तर बिल १३ मिनिटांचे म्हणजे १,३०० रुपयांचे येते, आणि त्या शेवटच्या पाच सेकंदांत आई केवळ ‘बरं, ठेवते हं’ एवढेच म्हणालेली असते. जबलपूरच्या मराठी घरात ‘ठेवते’ या शब्दापासून फोन प्रत्यक्ष ठेवला जाईपर्यंत बराच अवधी जातो, हे लक्षात घेऊन हा पंथ केवळ विमानतळावरून ‘पोहोचलो’ एवढे सांगण्यापुरता ठेवावा.

इंटरनेट कॉलिंग हा पंथ सध्या सर्वाधिक लोकप्रिय आहे. आवाजाचे लहान लहान तुकडे करून ते इंटरनेटवरून पाठवणे हे त्याचे तत्त्व असून, वायफाय असल्यास मिनिटाचा वेगळा दर लागत नाही. मात्र त्याची अट कडक आहे: दोन्ही टोकांना स्मार्टफोन, दोन्ही टोकांना इंटरनेट आणि दोन्ही टोकांना तेच अ‍ॅप. नेपियर टाउनची लँडलाइन यांपैकी एकही अट पूर्ण करीत नाही. शिवाय काही देशांत अशा कॉलवर निर्बंध आहेत. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सअ‍ॅपवरून संदेश जातो, पण कॉल लागत नाही, म्हणून दुबईतील जावई परवानाधारक अ‍ॅपच्या शोधात दिसतात. अ‍ॅपवरून साध्या फोनवर पैसे भरून कॉल करण्याची सोयही असते, पण तिच्यावर जीव लावू नये, कारण या प्रकारात वर्षानुवर्षे घरोघरी वापरले गेलेले स्काइप ५ मे २०२५ रोजी बंद झाले.

स्वस्त दराच्या शोधात साधक कधी कधी अशा कार्डापर्यंत किंवा अ‍ॅपपर्यंत पोहोचतो, जिथला दर संशय यावा इतका कमी असतो. परदेशातून आलेला कॉल भारतातील फोनवर उतरवून देण्यासाठी भारतीय कंपनी शुल्क घेते. ते चुकवण्यासाठी काही मध्यस्थ कॉल इंटरनेटवरून भारतात आणतात आणि अनेक सिमकार्डे बसवलेल्या यंत्रातून, ज्याला सिमबॉक्स म्हणतात, तो स्थानिक कॉल म्हणून पुढे ढकलतात. हे बेकायदेशीर आहे, आणि ओळखण्याची खूण सोपी आहे: न्यू जर्सीतील मुलाचा फोन आईच्या मोबाइलवर कुठल्यातरी अनोळखी भारतीय क्रमांकावरून येतो. आई तो उचलत नाही. फसवणुकीच्या फोनबद्दल मुलानेच तिला बजावून ठेवलेले असते.

उरला उपसर्गाचा पंथ, आणि खरे पांडित्य येथेच लागते. देशाबाहेर फोन लावताना आधी त्या देशातून बाहेर पडण्याचा क्रमांक, मग भारताचा ९१, मग शहराचा कोड आणि शेवटी घरचा क्रमांक असा क्रम असतो. बाहेर पडण्याचा क्रमांक युरोपात व आखातात 00 आहे, अमेरिका व कॅनडात 011, ऑस्ट्रेलियात 0011. भारतीय मनाला 011 म्हणजे दिल्ली वाटते, म्हणून मुलाने कागदावर लिहून दिलेला क्रमांक शेजारच्या काकांनी जबलपूरच्याच लँडलाइनवरून तपासून पाहिला तर ते दिल्लीच्या एक्स्चेंजकडे वळतात. जबलपूरचा कोड 0761 असला तरी त्यातील शून्य फक्त देशांतर्गत कॉलसाठी आहे. बाहेरून लावताना ते गाळायचे असते:

```
011 91 761 + घरचे सात अंक
```

शून्य ठेवले तर फोन जबलपूरला पोहोचेलच असे नाही. मोबाइल क्रमांकाबाबतही हाच घोटाळा होतो, कारण १५ जानेवारी २०२१ पासून भारतात लँडलाइनवरून मोबाइलला लावताना आधी शून्य जोडावे लागते आणि अनेकांच्या वहीत आईचा क्रमांक त्या शून्यासकटच लिहिलेला असतो. उलट शून्य आणि ९१ दोन्ही टाळून केवळ दहा अंक लावले तर प्रकरण अधिक रंगतदार होते: मध्य प्रदेशातील बीएसएनएलचे अनेक क्रमांक 9425 ने सुरू होतात, आणि 942 हा २०२५ पासून टोरांटोचा विभागीय कोड आहे, त्यामुळे ‘आई, जेवलीस का?’ हा प्रश्न कॅनडातील एखाद्या अपरिचित गृहस्थाला विचारला जाण्याची शक्यता निर्माण होते.

अमेरिकेतील कार्यालयातून लावताना धोका आणखी वाढतो. पुष्कळ कार्यालयांत बाहेरची लाइन मिळवण्यासाठी आधी 9 दाबावा लागतो, म्हणजे जबलपूरसाठी 9, मग 011, मग 91. घाईत 011 मधील शून्य निसटले तर बोटांनी दाबलेले पहिले तीन अंक 911 ठरतात, आणि हा तेथील पोलीस व अग्निशमनाचा आपत्कालीन क्रमांक आहे. १६ फेब्रुवारी २०२० नंतर बसवलेल्या कार्यालयीन यंत्रणांत 911 थेट लागला पाहिजे असा तेथील कायदा असल्याने निसटलेले शून्य लगेच फळाला येते. अशा वेळी घाबरून फोन ठेवू नये; समोरच्याला चूक झाली एवढे स्पष्ट सांगावे, अन्यथा चौकशीसाठी उलट फोन किंवा गणवेशधारी पाहुणे येऊ शकतात.

या सर्व गोंधळावरचा उपाय मोबाइलमध्ये मुळातच आहे आणि म्हणूनच तो कोणी वापरत नाही. शून्याची कळ दाबून धरली की + हे चिन्ह उमटते. ते ज्या देशात फोन असेल तेथील बाहेर पडण्याचा क्रमांक स्वतः लावून घेते. म्हणून भारतात असतानाच, विमानात बसण्यापूर्वी, घरचे सगळे क्रमांक +91 ने साठवावेत, लँडलाइनचा +91 761 ने सुरू करावा, आणि दर कितीही आकर्षक असला तरी आई दुपारी किती वाजता झोपते याची चौकशी फोन लावण्याआधी करावी.