दार लावलंय रे बाबा!

जव्हारच्या पावसाळ्यात घरातली माणसं एकमेकांना एकच गोष्ट सारखी सांगत असतात: दार लावा. साडेचारशे मीटर उंचीवरच्या या गावात आषाढ-श्रावणात दार जरा किलकिलं राहिलं तरी धुकं आत येतं आणि उशीपासून पापडापर्यंत सगळं ओलसर करून जातं. तेव्हा दारांच्या बाबतीत आम्ही आधीपासूनच शिस्तीचे. अशा घरात फ्रिजनेही पीं-पीं करून ‘दार लावा’ म्हणावं, आणि तेही दार घट्ट लावलेलं असताना, हा सरळसरळ अपमान होता.

सासूबाई दोन-तीनदा उठल्या, दार उघडून पुन्हा लावलं. आवाज थांबला. मिनिटभराने पुन्हा पीं-पीं. “लावलंय रे बाबा!” त्या फ्रिजला म्हणाल्या. सासऱ्यांनी खुर्ची आणून दाराला टेकवली आणि वर स्वतः बसले. आश्चर्य म्हणजे फ्रिज गप्प झाला. ते पेपर वाचून उठले तशी त्याने पुन्हा तक्रार सुरू केली. घरात याची बरीच टिंगल झाली, पण खरं तर तपासातला पहिला पुरावा त्या खुर्चीनेच दिला होता. दार दाबलं की आवाज थांबतो, सोडलं की सुरू होतो, म्हणजे दोष दाराच्या आसपासच कुठेतरी आहे.

मुद्दा असा की फ्रिजला दार दिसत नाही. त्याला फक्त एक स्विच कळतो. जुन्या फ्रिजमध्ये तो चौकटीतून बाहेर आलेला प्लास्टिकचा खटका असतो: दार लागलं की तो आत दाबला जातो आणि दिवा विझतो. नव्या फ्रिजमध्ये बहुधा दाराच्या वरच्या कडेत एक लहानसं चुंबक लपवलेलं असतं, आणि त्याच्या समोर चौकटीच्या प्लास्टिकमागे काचेच्या इवल्या नळीत दोन पातळ पात्यांचा रीड स्विच. चुंबक जवळ आलं की पात्यांची स्थिती बदलते आणि सर्किट बोर्ड समजतो की दार लागलं. हा स्विच अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत वॉल्टर एलवूड यांनी १९३६ साली टेलिफोनच्या कामासाठी केला. पात्यांना हवा लागू नये म्हणून ती काचेत बंद केलेली असतात, त्यामुळे जव्हारची दमट हवाही नळीच्या आत पोचत नाही. ती पोचते वायरींच्या जोडापाशी. पण त्याबद्दल पुढे.

दिवा, गजर आणि पुष्कळ मॉडेलमध्ये आतला पंखासुद्धा या एकाच स्विचच्या साक्षीवर चालतो. म्हणून पहिला प्रश्न आवाजाचा नाही, दिव्याचा आहे. दार लावल्यावर तो विझतो का? लहानपणी आपल्या सगळ्यांना पडलेला हा प्रश्न आता मोबाइलने सुटतो. आम्ही फोन दह्याच्या पातेल्याला टेकवून ठेवला, व्हिडिओ सुरू केला आणि दार लावलं. दोन मिनिटांनी बाहेर काढून सगळे त्याच्याभोवती जमलो. पडद्यावर पातेलं, कोथिंबिरीची जुडी आणि भरपूर उजेड. दार लागल्यावरही दिवा चालूच, आणि मागे पीं-पीं. म्हणजे फ्रिज खोटं बोलत नव्हता. त्याच्या मते दार उघडंच होतं. दिवा विझूनही आवाज येत असता, तर गोष्ट वेगळी. खूप वेळ वीज गेली आणि आतली थंडी उतरली की काही फ्रिज त्यासाठीही ओरडतात, आणि मोखाड्याकडच्या वादळी रात्रीनंतर त्याचा तो हक्क मान्य करावा लागतो.

दूध दोन दिवस लवकर नासत होतं त्याचाही उलगडा झाला. दार उघडं आहे असं समजून फ्रिज आतला पंखा बंद ठेवत होता, म्हणून वरच्या कप्प्यातली थंडी खाली येत नव्हती. सासऱ्यांनी तोवर दूधवाल्याची बरीच उलटतपासणी घेतली होती.

शेजारच्या काकांचा सल्ला होता, स्विचवर चुंबक चिकटवून टाका, कटकट संपेल. कटकट संपते, हे खरं. पण मग फ्रिजच्या लेखी दार कायमचं बंद. दिवा कधी लागत नाही, आणि रात्री दार खरंच उघडं राहिलं तर सकाळपर्यंत कोणी सांगणारं नाही. दारावर हौसेने लावलेलं एखादं दणकट शोभेचं चुंबक नेमक्या जागी आलं, तरी असाच घोटाळा होऊ शकतो.

काकांच्या चुंबकाचा उपयोग मात्र मेकॅनिकने केला. दार उघडं ठेवून त्याने ते चौकटीच्या वरच्या पट्टीवरून हळूहळू फिरवलं. बिजागरीच्या थोडं अलीकडे एका जागी आल्यावर दिवा टपकन विझला. दूर नेलं, लागला. याचा अर्थ स्विच, वायर आणि बोर्ड ठणठणीत. चुंबक कुठेही नेऊन दिवा विझला नसता, तर प्लग काढून वरच्या बिजागरीचं झाकण उघडावं लागलं असतं. तिथल्या जोडाच्या पिना ओलीने हिरव्या पडतात, आमच्याकडे तर नक्कीच. इथे तशी वेळ आली नाही. उरली एकच शक्यता: दारातलं चुंबक स्विचपर्यंत पोचत नाही.

“काकी, बाटल्या किती ठेवता दारात?” त्याने विचारलं.

सासूबाईंनी अभिमानाने दार पूर्ण उघडून दाखवलं. लिटरच्या सहा भरलेल्या बाटल्या, लोणच्याची बरणी आणि कसलासा काढा. म्हणजे सातेक किलो तरी, आणि तेही दर उघडझापीला बिजागरीवर लोंबकळणारं. खालच्या बिजागरीतली प्लास्टिकची बुश झिजून दार काही मिलिमीटर खाली बसलं होतं. एवढं अंतर डोळ्यांना दिसत नाही. रबराची पट्टी लवचीक असल्यामुळे ती तरीही चिकटते: दारात नोट धरून ओढली तर घट्टच लागली. चुंबकाला मात्र तेवढं अंतर पुरतं. आता आठवलं, आवाज संध्याकाळी जास्त यायचा, बाटल्या नुकत्या भरलेल्या असताना. पहाटे रिकाम्या असल्या की फ्रिज शहाण्यासारखा वागायचा.

नवी बुश नाशिकहून यायला चार दिवस लागले, बसवायला पाव तास. मेकॅनिकने पुढचे पायही थोडे फिरवून वर घेतले, म्हणजे दार आपोआप मागे झुकून लागतं. बाटल्यांची रवानगी खालच्या कप्प्यात झाली. सासूबाईंना ते पटलेलं नाही, पण त्या पाळतात.

हे सगळं मोखाड्याच्या आत्यांना फोनवर सांगितलं, तर त्यांचं प्रकरण याहून जुनं निघालं. त्यांचा एकदारी फ्रिज ओरडत नाही, त्यामुळे चूक कळायलाच वेळ लागला. सकाळी पहिल्यांदा दार उघडून बल्बला बोट लावलं तर चटका बसला. रात्रभर दार बंद, म्हणजे तो गार हवा होता. पंधरा वॅटचा बल्ब चोवीस तास जळला तर महिन्याला अकरा युनिट जवळजवळ, शिवाय त्याची ऊब बाहेर काढायला कॉम्प्रेसरची मेहनत वेगळी. खटका चिकट घाणीने बाहेरच अडकला असणार, दार लावलं तरी पूर्ण आत दाबला जात नसणार. प्लग काढून कोमट पाण्याच्या घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा, बोटाने दाबून तो सहज पूर्ण आत जातो का बघा, नाही गेला तर बदलून घ्या, असं मी सांगितलं.

“बल्बच काढून ठेवलाय मी,” आत्या म्हणाल्या. “आत काय आहे ते मला पाठ आहे.”