सुवर्णमहोत्सवी कात्री

देवळाच्या जीर्णोद्धाराला पन्नास वर्षं झाली, म्हणून अध्यक्षांचं भाषण लिहायचं काम निवृत्त गुरुजींकडे आलं. गुरुजींनी इमानेइतबारे जुनं दप्तर चाळलं. दिवाबत्तीसाठी मिळालेली इनाम जमीन सातबाऱ्यावर अजून देवाच्याच नावावर होती. कसत मात्र अध्यक्षांचे काका होते.

"गुरुजी, एवढं वगळा."

१९४७ साली साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले, तेव्हा आपल्या देवळाचं दार कोणाकोणाला बंद होतं, तेही लिहिलेलं.

"शुभकार्यात कशाला?"

दगडी दीपमाळेला फासलेला ऑइल पेंट?

"अहो, तो आमदारसाहेबांनी दिलाय!"

आठ पानांतून मान्यवरांची नावं तेवढी उरली. गुरुजींनी ती पदांच्या उतरत्या क्रमाने लावून दिली. अध्यक्ष खूश. "आता कसं भाषणासारखं वाटतंय! फक्त देवाचं नाव कुठंतरी घाला."