सर्वगुणसंपन्न व तत्काळ रुजू होणारा

चाकणच्या एका कारखान्यातील यंत्रदेखभालीचे अभियंते राजीनामा देऊन गेले, तेव्हा त्या रिक्त जागेची तजवीज करण्यासाठी नोकरभरती एजन्सीच्या बाईंना पाचारण करण्यात आले आणि कार्मिक अधिकाऱ्यांनी अत्यावश्यक कौशल्यांची बारा कलमी याद त्यांच्यापुढे ठेवली. पीएलसी, हायड्रॉलिक्स व सीएनसी यंत्रांची दुरुस्ती ही कलमे रास्तच होती; परंतु पुढे रोबोट, सॅप आणि, गतवर्षी कोणी जपानी पाहुणे येऊन गेल्यामुळे, जपानी भाषाही अवतरली होती.

"गेलेल्या गृहस्थांना यांपैकी किती अवगत होते?" बाईंनी विचारले.

"चार," साहेब म्हणाले, "पण ते जुने होते."

बाईंनी नम्रपणे हिशेब मांडला, की प्रत्येक गुण निम्म्याच उमेदवारांत असतो आणि एकाचा दुसऱ्याशी संबंध नसतो असे धरले, तर शंभरांतून चार कलमांअखेर सहा जण उरतात आणि सातव्या कलमाला एकही पुरा मनुष्य हाती लागत नाही. सबब ज्यावाचून पहिल्या तीन महिन्यांत यंत्र बंद पडेल तेवढेच अत्यावश्यक समजावे आणि बाकीचे 'असल्यास उत्तम' या सदरात घालावे. साहेबांना मात्र आपली प्रत्येक अपेक्षा अत्यावश्यकच वाटत होती.

वेतनश्रेणी सहा ते आठ लाखांची होती, त्यातही भविष्यनिर्वाह निधीतील मालकाचा हिस्सा व ग्रॅच्युइटी धरलेली, आणि आठाचा आकडा केवळ शोभेसाठी आहे असे आतल्या गोटातून कळत होते. मुदत पंधरा दिवसांची. उमेदवार तत्काळ रुजू होणारा हवा, परंतु अकराव्या कलमानुसार तो सध्या नोकरीत असलेलाच हवा. आणि याच कारखान्याच्या नेमणूकपत्रात राजीनाम्यानंतर नव्वद दिवस थांबण्याची अट आहे, हे बाईंनी सुचविताच साहेबांनी, इतर कारखान्यांनी आपल्या माणसांना इतके अडवून ठेवणे अनुचित असल्याचा अभिप्राय दिला.

दोन महिन्यांत उमेदवार आले, जपानीच्या अभावी परत गेले, एकाने होकार देऊन स्वतःच्या जुन्या मालकाकडून पगारवाढ मिळवली, आणि अखेर चार कलमांवर, ९ लाख ६० हजारांवर व नव्वद दिवसांच्या प्रतीक्षेवर तह झाला. एजन्सीचे शुल्क वार्षिक वेतनाच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार, सुमारे ८० हजार, जीएसटी वेगळा. गेलेल्या अभियंत्यांचे वेतन ७ लाख २० हजार होते आणि त्यांनी वर्षाला ६० हजारांची वाढ मागितली होती, ती श्रेणीची शिस्त बिघडेल म्हणून नामंजूर झाली होती.

नवा मनुष्य तीन महिन्यांत सोडून गेल्यास एजन्सी विनाशुल्क दुसरा देईल, असे कलम साहेबांनी करारात आग्रहाने घालून घेतले. ज्यांच्यामुळे माणसे जातात, त्यांच्या बदलीची हमी मात्र त्या करारात कोणी मागितली नाही.