शून्य विसंगती, पण किती नोंदींत?

‘तपासणी पूर्ण. विसंगती: ०.’ एवढ्या दोन वाक्यांचा अहवाल कुणी समोर ठेवला, तर तो परत पाठवावा. त्यात काय सापडलं नाही ते लिहिलंय, पण कुठे शोधलं ते लिहिलेलंच नाही. रिकाम्या तक्त्यावरही हीच तपासणी चालते आणि हाच निकाल देते. डेटाच्या चाचण्यांसाठी सर्रास वापरलं जाणारं डीबीटी हे साधन घ्या. चूक असलेल्या ओळी शोधणारी क्वेरी एकही ओळ परत देत नसेल, तर चाचणी उत्तीर्ण, असा त्याचा नियम आहे. तक्त्यात मुळात ओळच नसली, तरीही ती उत्तीर्णच.

हा तांत्रिक कीस नाही. २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमध्ये काय झालं ते आठवा. प्रयोगशाळांकडून आलेले कोविडचे निकाल पब्लिक हेल्थ इंग्लंड ही संस्था एक्सेलच्या जुन्या ‘.xls’ नमुन्यात ओढून घेत होती. त्या नमुन्यात ६५,५३६ ओळींच्या पुढे काही मावत नाही. एका रुग्णाला अनेक ओळी लागत होत्या, त्यामुळे फाइल लवकर भरली आणि पुढचं सगळं गळून पडलं. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले १५,८४१ बाधित रोजच्या आकड्यांतून राहून गेले. त्यांना स्वतःचा निकाल कळला होता, पण त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध लांबला. आता त्या भरलेल्या फाइलवर वय, तारीख, पिनकोड असल्या हव्या तेवढ्या तपासण्या चालवा. प्रत्येक ओळ स्वच्छ निघाली असती. जे हरवलं, ते तपासणीच्या समोर आलंच नव्हतं.

आता आपल्याकडचा हिशेब मांडून पाहू. समजा, एका दूध संघाला ४० संस्था दूध घालतात, रोज सकाळ-संध्याकाळ. उत्पादकागणिक एक नोंद: संस्था, सत्र, लिटर, फॅट, एसएनएफ. फॅटवर दर ठरतो आणि दर दहा दिवसांनी दुधाचं बिल निघतं. म्हणून रोज रात्री एक तपासणी लावली आहे: फॅट २ पेक्षा कमी किंवा १२ पेक्षा जास्त असेल, तर कळवा.

```sql
SELECT count(*) FROM sankalan
WHERE dinank = CURRENT_DATE - 1
  AND (fat < 2 OR fat > 12);
```

उत्तर येतं शून्य. पण हे शून्य निदान तीन वाटांनी येऊ शकतं आणि त्यांतल्या कुठल्याच वाटेचा ‘दूध चांगलं आहे’ याच्याशी संबंध नाही.

पहिली वाट सरळ आहे: नोंदी आल्याच नाहीत. एखाद्या संस्थेचं इंटरनेट बंद होतं, फाइल चढलीच नाही.

दुसरी जास्त फसवी. फॅट मोजायचं यंत्र बिघडलं आणि सचिवाने तो रकाना कोरा ठेवला. एसक्यूएलमध्ये कोऱ्या रकान्याची, म्हणजे `NULL` ची, कशाशीही तुलना केली की उत्तर ‘खरं’ही नसतं आणि ‘खोटं’ही नसतं, आणि `WHERE` फक्त ‘खरं’ असलेल्या ओळीच पुढे नेतो. त्यामुळे कोरं फॅट २ पेक्षा कमी ठरत नाही आणि १२ पेक्षा जास्तही ठरत नाही. यंत्राने ० पाठवला असता तर तपासणीने तो पकडला असता. काहीच पाठवलं नाही म्हणून ओळ सुटली. ज्या उत्पादकाचं फॅट मोजलंच गेलं नाही, त्याचीच नोंद तपासणीतून निसटते, आणि दर ठरताना त्याच्याच पदरात नुकसान पडण्याचा धोका सर्वांत मोठा.

तिसरी वाट खास आपल्या देशाच्या घड्याळाची. सर्व्हर यूटीसीवर चालतो आणि तपासणी रात्री दोनला लागते. १५ जानेवारीला पहाटे दोन वाजता यूटीसीत अजून १४ तारखेचे रात्रीचे साडेआठच वाजलेले असतात. `CURRENT_DATE - 1` म्हणजे मग १३ जानेवारी. तपासायची होती १४, तपासली गेली १३, जी आदल्या रात्रीच तपासायला हवी होती. हा प्रकार सर्वांत वाईट, कारण इथे तक्ता रिकामा नाही. ओळी भरपूर आहेत, सगळ्या संस्था हजर आहेत, संख्याही नेहमीसारखीच. ‘शून्यापेक्षा जास्त ओळी तपासल्या’ अशी खबरदारी घेतली असली, तरी ती इथे मोडून पडते.

म्हणून तपासणीने शून्याबरोबर आणखी चार गोष्टी सांगायलाच हव्यात: कुठली तारीख तपासली, किती नोंदी पाहिल्या, त्यांतल्या कितींत तपासण्याजोगी किंमत होती आणि किती संस्था-सत्रं हजर होती.

```sql
SELECT min(dinank), max(dinank),
       count(*)   AS ekun,
       count(fat) AS tapasle,
       count(DISTINCT (sanstha, satra)) AS satre,
       count(*) FILTER
         (WHERE fat < 2 OR fat > 12) AS visangat
FROM sankalan
WHERE dinank = DATE '2025-01-14';
```

हे पोस्टग्रेसमधलं लिखाण आहे. तारीख इथे बाहेरून दिलेली आहे, आणि ती आपोआप काढायचीच असेल तर `(now() AT TIME ZONE 'Asia/Kolkata')::date - 1` असं स्पष्ट लिहावं. `count(fat)` कोरे रकाने मोजत नाही, म्हणून `ekun` आणि `tapasle` यांतला फरक म्हणजेच न मोजलेलं फॅट. आणि एक बाब मी हट्टाने सांगेन: ही मोजणी आणि विसंगतीची मोजणी एकाच क्वेरीतून, एकाच `WHERE` खालून यायला हवी. बऱ्याच ठिकाणी ओळींची संख्या वेगळ्या क्वेरीने काढून अहवालात शेजारी चिकटवतात. तिची चाळणी वेगळी असते, कधी दोन्हींच्या मधल्या वेळात नवी फाइल चढते. मग अहवालात दिसतात सहा हजार ओळी आणि तपासल्या जातात भलत्याच.

समजा, उत्तर असं आलं: एकूण ५,४१२ नोंदी, फॅट असलेल्या ५,१८७, सत्रं ७३, विसंगत ०. हे चांगलं की वाईट? तक्ता एकट्याने ते सांगू शकत नाही. अपेक्षित आकडा त्याच तक्त्यातून काढला, तर जे हरवलं ते अपेक्षेतूनही हरवतं. ‘गेल्या सात दिवसांची सरासरी’ ही पद्धत तर जास्तच घातकी: दोन संस्था आठवडाभर गायब राहिल्या की त्यांचं गायब असणं हीच सरासरी होऊन बसते.

अपेक्षा दुसऱ्या कुणाकडून यावी लागते. दूध संघाकडे अशा दोन जागा आहेत. एक, संस्थांची नोंदवही: ४० संस्था, दोन सत्रं, म्हणजे ८०. हजर ७३, म्हणून सात सत्रं कमी. एका दिवशी किती उत्पादक दूध घालतील हे नेमकं सांगता येत नाही, कुणाची म्हैस आटते, कुणाच्या घरी लग्न असतं. म्हणून नोंदींच्या संख्येला ढोबळ मर्यादा पुरते, पण संस्था-सत्रांचा आकडा नेमका जुळायलाच हवा. दोन, बल्क कूलरवर मोजलेलं दूध. समजा, नोंदींची बेरीज ३२,५०० लिटर आणि कूलरवरची मोजणी ३५,७०० लिटर. फरक ३,२०० लिटरचा. सत्राला साधारण ७४ नोंदी आणि नोंदीला सहा लिटर धरले, तर सात सत्रांचं दूध ३,१०० लिटरच्या आसपास भरतं. म्हणजे दूध आलं आहे, नोंदी आल्या नाहीत. इथे एकक मात्र पाहून घ्यावं: एक लिटर दूध साधारण १.०३ किलो भरतं, आणि एक बाजू किलोत, दुसरी लिटरमध्ये असेल, तर काहीही हरवलेलं नसताना तीन टक्क्यांची तफावत दिसते.

उरला प्रश्न तपासणीच्या डोळ्यांचा. नोंदी समोर आल्या, पण तिला चूक खरंच दिसते का? खऱ्या तक्त्यात मुद्दाम खोटी नोंद घुसवू नका, उद्या तिचंही बिल निघेल. त्यापेक्षा तीच तपासणी, त्याच तारखेवर, मर्यादा आवळून चालवा: फॅट ५ पेक्षा जास्त असलेल्या नोंदी दाखव. संघात म्हशीचं दूध येत असेल, तर शेकडो ओळी यायला हव्यात. तरीही शून्य आलं, तर तपासणी आंधळी आहे. भलताच रकाना वाचते आहे, किंवा चुकीच्या जोडणीत ओळी गाळते आहे. यासाठी महिन्यातून एक फेरी पुरे, आणि क्वेरीला कुणी हात लावला की त्या दिवशी आणखी एक.

एवढं करूनही एका गोष्टीला हे हात लावू शकत नाही. यंत्राचं अंशशोधन बिघडलं आणि ते प्रत्येकाला ४.० दाखवू लागलं, तर सगळ्या नोंदी येतील, सगळ्या तपासल्या जातील, सगळ्या मर्यादेत बसतील. ती चूक दुधाचा नमुना दुसऱ्या यंत्रावर लावूनच कळते.

निकालाचे प्रकार दोन नाहीत, तीन आहेत: ठीक, विसंगत आणि ‘तपासणी झालीच नाही’. ७३ सत्रं आणि २२५ कोरी फॅट असलेला वरचा दिवस तिसऱ्या प्रकारात जातो, आणि तो निस्तरल्याशिवाय त्या संस्थांचं बिल पुढे सरकता कामा नये. यावर व्यवस्थापकांचं उत्तर ठरलेलं असतं: असं केलं तर रोजच लाल दिवा लागेल आणि लोक त्याकडे बघणं सोडतील. दिवा रोज लागतो, कारण अपेक्षेची यादी कुणी सांभाळत नाही. पुरामुळे रस्ता बंद, संस्था तात्पुरती बंद, ही कारणं तारखेसह त्या यादीत चढवा. सातांपैकी दोन सत्रं अशी निघाली, तर अपेक्षा ७८ होते आणि उरतात पाच. त्या पाचांच्या सचिवांना सकाळी नऊच्या आत फोन गेला, तर फाइल त्याच दिवशी पुन्हा चढवता येते. दहाव्या दिवशी, बिल छापून झाल्यावर, तो फोन उत्पादकाकडून येतो.